स्वप्नात साहेब सगळ्यांसमोर उभं करतो आणि आवाज फुटत नाही

पेठेतली मुक्ता
धाकट्या भावासाठी विचारते आहे. वय ३१, नोकरी हिंजवडीत, राहायला वाकडला. गेले दोन महिने आठवड्यातून तीनेकदा एकच स्वप्न. काचेची मीटिंगरूम, भिंतीवरच्या स्क्रीनवर याची एक्सेल शीट, एक अख्खा कॉलम लाल. नवा मॅनेजर शांतपणे विचारतो, "हे कुणी केलंय?" सगळे याच्याकडे बघतात. हा उठतो, तोंड उघडतो, आवाज येत नाही. एकजण खुदकन हसतो, मग सगळेच. तेवढ्यात मॅनेजरचा चेहरा बदलून आठवीच्या गणिताच्या सरांचा होतो आणि सर म्हणतात, "अंगठे धर." इथे जाग येते. साधारण साडेचार-पाच वाजलेले असतात, पुन्हा डोळा लागत नाही. आता तर झोपायचीच धास्ती घेतली आहे त्याने. अर्थ काढायचा नाहीये, हे थांबवायचं कसं ते हवं आहे.

गजाननकाका
मुक्ता, घाबरू नकोस. गुरू स्वप्नात रागावलेले दिसणं शुभ मानतात. पहाटेचं स्वप्न म्हटल्यावर तर फळ लवकर. भावाला बढतीचा योग दिसतोय. उजव्या कुशीवर झोपायला सांग.

पेठेतली मुक्ता
काका, बढती मिळाली तर तुम्हाला पेढे. पण तोवर त्याला झोप हवी आहे हो.

रात्रपाळी
स्लीप लॅबमध्ये रात्री लोकांच्या डोक्याला वायरी चिकटवणं हे माझं काम. काकांचं "पहाटेचं स्वप्न" एका अर्थी बरोबर आहे, फळाचं सोडून द्या. झोपेची आवर्तनं साधारण दीड-दीड तासाची असतात. ज्या टप्प्यात बंद पापण्यांखाली डोळे भराभर हलतात, त्या रेम झोपेत गोष्टीसारखी, ठसठशीत स्वप्नं सर्वांत जास्त पडतात. हा टप्पा पहिल्या आवर्तनात जेमतेम काही मिनिटांचा असतो आणि पहाटेकडे लांबत जातो. त्यामुळे साडेचार-पाचला दचकून जाग येणं आणि सगळं तपशीलवार आठवणं, हे दुःस्वप्नाचं नेहमीचंच रूप आहे. झोपल्यावर तास-दीड तासात किंचाळून उठणं आणि सकाळी काहीच न आठवणं हा वेगळा प्रकार, त्याचा इलाजही वेगळा.

उपाय सांगण्याआधी चार गोष्टी कळल्या पाहिजेत. झोपतो किती वाजता, उठतो किती वाजता? रात्री कुठली गोळी चालू आहे का, सर्दीची, बीपीची, कसलीही? दारू? आणि घोरतो का, झोपेत हातपाय झाडतो का?

पेठेतली मुक्ता
अमेरिकेचा कॉल साडेअकरापर्यंत. झोपायला एक, गजर सातचा. सर्दी-शिंकांसाठी गणपतीपासून माँटेलुकास्टची गोळी रोज रात्री. शुक्रवारी मित्रांबरोबर दोन-तीन पेग. घोरत नाही, हातपाय झाडत नाही.

रात्रपाळी
मग पहिला धागा ती गोळी. माँटेलुकास्टमुळे काही लोकांना विचित्र स्वप्नं पडतात, मन अस्वस्थ होतं. अमेरिकेच्या एफडीएने २०२० मध्ये तिच्या माहितीपत्रकावर सर्वांत कडक, चौकटीतला इशारा घालायला लावला. इथे ती सर्दीसाठी सर्रास दिली जाते आणि कुणी काही बोलत नाही. गोळी कधी सुरू केली आणि स्वप्न कधी सुरू झालं, या दोन तारखा कागदावर लिहून डॉक्टरांसमोर ठेवा. दमा असेल तर मात्र स्वतःच्या मनाने बंद करू नका. बीपीसाठी किंवा हात थरथरतात म्हणून देतात त्या प्रोप्रॅनोलॉलसारख्या गोळ्यांचंही असंच होऊ शकतं.

दुसरा धागा शुक्रवार. दारू रात्रीच्या पहिल्या भागात रेम दाबते. तिचा असर उतरला की दुसऱ्या भागात तीच झोप उसळून वर येते आणि स्वप्नं भडक होतात. शनिवारी पहाटेचं स्वप्न जास्त वाईट असतं का, एवढं बघा.

हातपाय झाडण्याबद्दल मुद्दाम विचारलं. पन्नाशीपुढचा माणूस स्वप्नात साहेबाशी भांडताना खरोखर लाथा-बुक्क्या मारत असेल तर ते मेंदूविकारतज्ज्ञांना दाखवायचं प्रकरण आहे. तुमच्या भावाला हे लागू नाही.

टेकडीवाला
एवढं कशाला? झोपताना साहेबाचा विचार मनात येऊच द्यायचा नाही. मोबाइल बाहेर ठेवायचा आणि मनाला बजावायचं, "आज त्याचा विचार नाही." रोज संध्याकाळी टेकडी चढून आला तर असली स्वप्नं पडणारच नाहीत.

वही-पेन
टेकडी चांगलीच आणि मोबाइलचंही बरोबर. पण "विचार येऊच द्यायचा नाही" इथे गाडी उलटी जाते. वेग्नर नावाच्या मानसशास्त्रज्ञाने सहकाऱ्यांबरोबर २००४ मध्ये हा प्रयोग प्रसिद्ध केला. विद्यार्थ्यांना ओळखीतलं एक माणूस निवडायला लावलं. मग काहींना सांगितलं, झोपण्याआधी पाच मिनिटं त्या माणसाचा विचार अजिबात करायचा नाही. ज्यांनी विचार दाबला त्यांच्याच स्वप्नात तो माणूस जास्त आला. झोपताना साहेबाला दारातून हाकलला की तो खिडकीतून येतो.

मी अशा केसेस बघते म्हणून लिहिते आहे. अशा सारख्या पडणाऱ्या स्वप्नावर ज्या उपायाला सर्वांत जास्त आधार आहे तो ऐकायला अगदी बाळबोध वाटतो. जागेपणी स्वप्नाचा पुढचा भाग बदलून लिहायचा आणि नव्या भागाची रोज मनात तालीम करायची. क्राकाव आणि सहकाऱ्यांनी २००१ मध्ये लैंगिक अत्याचार सोसलेल्या स्त्रियांवर तो वापरून दाखवला होता. २०१८ मध्ये अमेरिकेच्या झोपतज्ज्ञांच्या संघटनेने दुःस्वप्नांसाठी त्याचीच शिफारस केली. साहेबाच्या स्वप्नाला तो वापरताना कुठे फसतं तेवढं सांगते.

हे दिवसाउजेडी करायचं, पलंगावर नाही. आहे ते स्वप्न अर्ध्या पानात लिहायचं, एकदाच. नंतर ते पान परत वाचायचं नाही, कारण तालीम नव्याची करायची आहे, जुन्याची नाही. मग वळणाची जागा शोधायची, म्हणजे सगळं बिघडण्याच्या एक पाऊल अलीकडची. "अंगठे धर" हा शेवट आहे, तिथे बदलायला गेलात तर फार उशीर झालेला असतो. या स्वप्नात वळण "हे कुणी केलंय?" च्या लगेच पुढे आहे. तिथून पुढचं नवीन लिहायचं, आठ-दहा वाक्यं पुरेत. रोज १० ते २० मिनिटं डोळे मिटून ते बघायचं. एका वेळी एकच स्वप्न घ्यायचं. आधी भावाला लिहू दे, इथे टाका, मग बोलू.

निवृत्त बाई
सरांवर सगळं ढकलू नका हो. ३४ वर्षं शिकवलं मी. मला अजूनही स्वप्न पडतं की शिक्षणाधिकारी मागच्या बाकावर बसलेत, मी फळ्यापाशी खडू धरून उभी आणि मला ‘ळ’ कसा काढतात ते आठवत नाही. चौथीची पोरं तोंडावर हात ठेवून हसतायत. मी कुणाची अंगठे धरणारी विद्यार्थिनी नव्हते, धरायला लावणारी होते, हे कबूल करते.

वही-पेन
बाई, तुमच्या आणि मुक्ताच्या भावाच्या स्वप्नात एक गोष्ट सारखी आहे, आणि ती अधिकारी नाही. हसणारे लोक दोन्हीकडे आहेत. साहेब एकटा केबिनमध्ये ओरडला तर त्याची भीती वाटते, पण पाणउतारा व्हायला बघणारे लागतात. म्हणून नवीन भाग लिहिताना नुसता साहेब बदलून भागत नाही. खोलीतल्या नजरांचं काय झालं, ते लिहावं लागतं.

साहेबाचा चेहरा सरांचा का होतो, हेही यातच आलं. मला वाटतं, स्वप्न जुन्या आठवणीतून नुसता माणूस उचलत नाही, प्रसंगाचा साचा उचलतं. उभं राहणं, बाकीचे बसलेले, विचारणारा पुढे. मीटिंगरूम आणि वर्ग यांची मांडणी एकच आहे की! नीलसन आणि सहकाऱ्यांनी २००३ मध्ये कॅनडातल्या विद्यार्थ्यांना कोणकोणती स्वप्नं पडली आहेत ते विचारलं होतं. तेव्हा पाठलाग, पडणं यांच्याबरोबर शाळा-शिक्षक-अभ्यास ही स्वप्नंही अगदी वरच्या क्रमांकात होती.

पेठेतली मुक्ता
भावाने लिहिलं. जसंच्या तसं टाकते:
"मॅनेजर विचारतो, हे कुणी केलंय? मी उठतो. तेवढ्यात तो वायरीत पाय अडकून पडतो. चष्मा उडतो. त्याची पॅंट फाटलेली दिसते. सगळे त्याला हसतात. मी पण हसतो. एचआर येऊन त्याला घेऊन जातात."

टेकडीवाला
झकास! हेच ठेवा.

वही-पेन
मलाही हसू आलं. पण हे चालणार नाही. कुणी म्हणेल, हवं तसं बदला हाच तर मूळ नियम आहे. खरं आहे. तरी माझा अनुभव असा की पाणउताऱ्याच्या स्वप्नात सूड घेतला की खोली तशीच राहते. हसणं तिथेच आहे, फक्त बोट दुसरीकडे वळलंय. झोपेत ते परत वळायला वेळ लागत नाही. शिवाय छातीची धडधड कायम. तालमीच्या शेवटी अंग सैल पडलं का, ही माझी परीक्षा. भावाला विचारा, हे तीनदा डोळ्यांसमोर आणल्यावर खांदे खाली आले का वर गेले?

दुसरं, त्याच्या नव्या गोष्टीत तो स्वतः काहीच करत नाही. वायर करते, एचआर करतात. एक छोटी कृती त्याच्या हातून व्हायला हवी.

आणि तिसरं, त्याला बोलायला लावू नका. जिथे अडतं तिथेच जोर लावला की तालमीतसुद्धा घसा आवळतो. हातांना काम द्या.

रात्रपाळी
आवाज न फुटण्याचं कारण सोपं आहे. रेममध्ये मेंदू शरीराचे जवळजवळ सगळे स्नायू सैल सोडतो, म्हणून स्वप्नात पळताना पाय उचलत नाहीत आणि ओरडताना आवाज येत नाही.

वही-पेन
सैल सोडतो हे खरं, पण एवढं सरळ नाही. त्याच रेममध्ये माणसं स्वप्नात धावतात, उडतात, भांडतात आणि भरभरून बोलतातही. स्नायू तर तेव्हाही सैलच असतात. मग मीटिंगरूममध्येच आवाज का जातो?

रात्रपाळी
जाग येत असताना शरीराचा सैलपणा थोडा जाणवायला लागत असेल आणि स्वप्न त्याला गोष्टीत बसवून घेत असेल. मला तरी असंच वाटतं. जाग अर्धवट आणि शरीर अडकलेलं, असं आमच्याकडे बरेच लोक सांगतात.

वही-पेन
असेलही. मला यात लाजेचा वाटा जास्त दिसतो. राहू द्या, उपाय दोन्हीकडून एकच.

पेठेतली मुक्ता
खांदे वर गेले म्हणाला, आणि दातही आवळले. काल रात्री बसून दुसरं लिहिलं:
"मॅनेजर विचारतो, हे कुणी केलंय? मी उठतो. काही बोलत नाही. व्हाइटबोर्डपाशी जातो. हिरवा मार्कर उचलतो, टोपण काढतो, टक् आवाज येतो. मार्करचा तो स्पिरिटसारखा वास. लिहितो, ‘१४ तारखेचा डेटा उशिरा आला’. मार्कर कुरकुरतो. सगळे बोर्डाकडे बघतात. मॅनेजर चष्मा वर करून वाचतो आणि वहीत उतरवून घेतो. मी खुर्चीत बसतो. खुर्ची गार आहे. बाहेर पाऊस. कुणीतरी एसी कमी करतं."

वही-पेन
हे उत्तम. नजरा त्याच्यावरून उठून बोर्डावर गेल्या, तेही कुणाला न हसता. वास, आवाज, गार खुर्ची आहे, म्हणजे तालमीत धरायला काहीतरी मिळालं. "मॅनेजर माफी मागतो" असं लिहिलं नाही हे फार बरं केलं, ते त्याला स्वतःलाच पटलं नसतं.

आता रोज संध्याकाळी, कॉलच्या आधी, पंधरा मिनिटं. एकदा वाचायचं, मग डोळे मिटून सावकाश बघायचं, असं दोन-तीनदा. चित्र डोळ्यांसमोर येत नसेल तर हळू आवाजात स्वतःला सांगत जायचं. शेजारी एक वही: तारीख, स्वप्न पडलं का, जाग आली का, त्रास दहापैकी किती. बस. स्वप्नाचं वर्णन लिहायचं नाही.

दोन-तीन आठवडे द्या. आणि पहिला फरक "स्वप्न बंद" असा क्वचितच असतो. आधी स्वप्न पडूनही जाग येत नाही, किंवा शेवट बदलतो, किंवा आकडा आठावरून पाचावर येतो. वही नसेल तर हे लक्षातच येत नाही आणि माणूस "काही फरक नाही" म्हणून सोडून देतो.

मागचं बाक
पण घालवायचं कशाला? पॅरिसमध्ये मेडिकलच्या प्रवेशपरीक्षेला बसलेल्यांचा अभ्यास झाला होता, २०१४ मध्ये आला. परीक्षेच्या आदल्या रात्री निम्म्याहून जास्त जणांना परीक्षेचंच स्वप्न पडलं. बहुतेकांना वाईट, उशीर झाला, उत्तर आठवत नाही असलं. आणि ज्यांना परीक्षेची स्वप्नं पडली त्यांचे गुण सरासरी जास्त आले. म्हणजे झोपेत मेंदू सरावच करतो की.

वही-पेन
अभ्यास खरा आहे. पण त्यातून स्वप्नामुळे गुण वाढले असं निघत नाही. ज्याला जास्त काळजी तो अभ्यासही जास्त करतो आणि स्वप्नही त्यालाच पडतं, असंही असेल. मला त्याहून मोठा फरक दिसतो तो असा, की परीक्षेला तारीख असते. साहेबाला निकाल नाही, तो सोमवारी परत आहेच. कधीतरी पडणाऱ्या स्वप्नाला मीही हात लावणार नाही. आठवड्यातून तीनदा जाग येते आणि झोपायची भीती वाटते, तेव्हा सराव फार झाला म्हणायचं.

कडू कारलं
सगळं ठीक. पण तो मॅनेजर खरोखर सगळ्यांसमोर असंच करत असेल तर? स्वप्नात मार्कर देऊन माणसाला गप्प झोपवायचं, आणि दिवसा साहेब मोकळा. ही तर साहेबाचीच सोय झाली.

वही-पेन
हा प्रश्न मला कायम टोचतो. माझ्याकडे त्याचं पूर्ण उत्तर नाही. एवढं दिसलंय की पहाटे पाचपासून जागा असलेला माणूस नीट तक्रारही लिहू शकत नाही. प्रसंग तारीख-वेळेसह लिहून ठेवायचं काम वेगळ्या वहीत समांतर चालू द्या. या वहीत नको, दोन्ही मिसळलं की तालीम म्हणजे रोजचा पंचनामा होतो.

रात्रपाळी
एक राहिलं. स्वप्न खऱ्या मारहाणीचं किंवा अत्याचाराचं असेल तर हे घरी करू नका, समोर माणूस हवा. आणि जगणं नको वाटतंय असं मनात येत असेल तर स्वप्नाची वाट बघू नका, टेलिमानसचा १४४१६ हा सरकारी नंबर आहे, मराठीत बोलतात, पैसे पडत नाहीत.

निवृत्त बाई
मी लिहिलं माझं. माझ्या नव्या गोष्टीत मी ‘ळ’ एका पोरीला काढायला बोलावते. आठवड्यात एकदाही पडलं नाही, पण माझं तसंही महिन्याला एखादंच पडतं, त्यामुळे यात काही सिद्ध होत नाही.

पेठेतली मुक्ता
बारा दिवसांची वही समोर आहे. डॉक्टरांनी तिसऱ्या दिवसापासून गोळी बदलून दिली, त्यामुळे कशाने काय झालं ते कळणार नाही, हे आधीच सांगते. पहिल्या आठवड्यात स्वप्न तीनदा, जाग तीनदा, आकडे ८, ८, ६. नंतरच्या पाच दिवसांत दोनदा, जाग एकदाच, आकडे ५ आणि ३. त्या ३ वाल्यात तो उठून बोर्डापर्यंत गेला, हिरवा मार्कर उचलला आणि मार्कर वाळलेला निघाला. लिहिताच येईना. पण कुणी हसलं नाही म्हणे, सगळे दुसरा मार्कर शोधायला लागले.

कडू कारलं
हे स्वप्न नव्हे, हे प्रत्येक ऑफिस आहे.

वही-पेन
गोष्टीत अजिबात बदल करू नका, जास्तीचा मार्कर वगैरे ठेवायला जाऊ नका. मॅनेजर काय करत होता तेवढं विचारून सांगा.

पेठेतली मुक्ता
विचारलं. ड्रॉवर उघडून बघत होता.